एक व्हिडिओ, अनेक भाषा

फोनवर यूट्यूब चाळताना हल्ली एखादा व्हिडिओ असा समोर येतो की चेहरा अमेरिकी माणसाचा, शीर्षक मात्र हिंदीत. लावून बघावा तर तो माणूस हिंदीतच बोलत असतो. ओठांकडे नीट पाहिलं की कळतं, बोलला तो इंग्रजीतच होता, आपल्या कानावर येणारा आवाज दुसऱ्याचा आहे. त्याच क्षणी ब्राझीलमधला कुणी तोच व्हिडिओ पोर्तुगीज शीर्षकाखाली पोर्तुगीजमधून ऐकत असतो. व्हिडिओ एकच, पत्ता एकच, बघणाऱ्यांचा आकडाही एकच. शीर्षक आणि आवाज मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत.

ही सोय आता अगदी मोठ्या चॅनलांपुरती राहिलेली नाही. मराठीतून स्वयंपाक, शेती, शिवणकाम, गडकिल्ले यांवर व्हिडिओ करणाऱ्यांनाही ती मिळू शकते. बऱ्याच जणांना ती माहीत नाही. काहींनी वापरून पाहिली, पण अर्धीच वापरली आणि फसली. नीट वापरायची तर तिची आतली रचना समजून घ्यायला हवी. ती फारशी अवघड नाही.

वेगळ्या चॅनलपासून वेगळ्या ट्रॅकपर्यंत

पूर्वी दुसऱ्या भाषेतल्या प्रेक्षकासाठी दुसरं चॅनल काढावं लागे. ‘मिस्टरबीस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी जिमी डोनाल्डसनने स्पॅनिश आणि इतर भाषांसाठी अशीच वेगळी चॅनल काढली होती. त्यात अडचण अशी की प्रत्येक चॅनलची सुरुवात शून्यापासून होते. मूळ व्हिडिओला कोट्यवधी लोकांनी पाहिलेलं असलं तरी स्पॅनिश चॅनलवर तो नवखाच ठरतो. प्रतिक्रिया विखुरतात, सांभाळायची घरं वाढतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये यूट्यूबने एकाच व्हिडिओला अनेक ऑडिओ ट्रॅक जोडण्याची सोय जाहीर केली. डोनाल्डसनच्या चमूने तोवर चॅनलचे सर्वांत गाजलेले 11 व्हिडिओ 11 भाषांत डब करून ती वापरून पाहिली होती. जपानी भाषेत त्याला आवाज दिला जुन्को ताकेउची यांनी. ‘नारुतो’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या नायकाचा जपानी आवाज त्यांचाच. म्हणजे जपानी प्रेक्षकाने व्हिडिओ लावला की परका माणूस त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीच्या आवाजात बोलू लागे. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये यूट्यूबने ही सोय लाखो चॅनलांसाठी खुली करायला सुरुवात केली. ज्यांनी असे ट्रॅक जोडले त्यांच्या व्हिडिओंच्या एकूण पाहण्याच्या वेळेपैकी सरासरी 25 टक्क्यांहून अधिक वेळ मूळ भाषेखेरीजच्या भाषांतून आला, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. हा आकडा सरासरीचा आहे, आणि त्यात भरपूर खर्च करणारी मोठी चॅनलंही आहेत. कुणाच्याही पहिल्या व्हिडिओला तो लागू होईल असं समजू नये.

सोय नेमकी काय करते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याकडे पुरणपोळीचा बारा मिनिटांचा मराठी व्हिडिओ आहे. एक गृहिणी स्वयंपाकघरात उभी राहून डाळ शिजवण्यापासून कटाच्या आमटीपर्यंत सगळं दाखवते. हा व्हिडिओ आपल्याला हिंदी आणि कन्नड प्रेक्षकांपर्यंत न्यायचा आहे.

शीर्षक: तिथला माणूस काय शोधतो?

यूट्यूबवर व्हिडिओचं शीर्षक जास्तीत जास्त 100 अक्षरांचं असतं. आपली बरीच मराठी चॅनलं या शंभर अक्षरांत तीन भाषा कोंबतात. आधी रोमन लिपीत नाव, मग उभी रेघ, मग मराठी, पुन्हा रेघ, मग हिंदी. फोनच्या पडद्यावर त्यातला पहिला तुकडाच दिसतो, बाकीचं कापलं जातं. भाषांतरित शीर्षकांची सोय याच दुखण्यावर आहे. प्रत्येक भाषेला स्वतंत्र शीर्षक आणि स्वतंत्र वर्णन देता येतं, आणि प्रत्येकाला आपापली शंभर अक्षरं मिळतात.

पहिली पायरी बरेच जण विसरतात. YouTube Studio मध्ये व्हिडिओच्या माहितीत मूळ भाषा मराठी आहे हे निवडून ठेवावं लागतं. शीर्षक-वर्णनाची भाषा कोणती आणि व्हिडिओत बोलली जाणारी भाषा कोणती, या दोन्ही नोंदी बरोबर हव्यात. इथे चुकून इंग्रजी राहिलं, तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं, कारण यूट्यूब आपल्या मराठी शीर्षकालाच इंग्रजी समजतं. हे झालं की Languages या विभागात जाऊन व्हिडिओ निवडायचा, भाषा जोडायची आणि त्या भाषेतलं शीर्षक व वर्णन भरायचं.

भरायचं काय, हा खरा प्रश्न आहे. आपलं मराठी शीर्षक समजा असं आहे: ‘सणाची मऊसूत पुरणपोळी आणि कटाची आमटी’. हिंदीत पुरणपोळीचं नाव बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘पूरन पोली’ तसंच ठेवलं तरी चालतं. पण कटाची आमटी इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांबाहेर फारशी कुणाला कळणार नाही. तिथे ‘दाल के पानी की तीखी आमटी’ असं उलगडून सांगावं लागेल.

कर्नाटकात गोष्ट वेगळी आहे. तिथे याच जातीच्या पोळीला होळिगे किंवा ओबट्टू म्हणतात, आणि डाळीच्या त्याच पाण्याचं सारु करतात. म्हणजे म्हैसूरकडच्या बाईला ही जोडी अगदी घरची आहे. पण शीर्षकात फक्त कन्नड लिपीतलं ‘पुरणपोळी’ लिहिलं, तर ती व्हिडिओवर थांबणार नाही, कारण ती शोधताना होळिगेच लिहिते. तिच्यासाठी चांगलं शीर्षक म्हणजे ‘महाराष्ट्राच्या पद्धतीची होळिगे आणि सारु’, अर्थात कन्नड भाषेत आणि कन्नड लिपीत. ओळखीचं नाव तिला थांबवतं, ‘महाराष्ट्राच्या पद्धतीची’ हे शब्द तिला बघायला लावतात.

हे काम शब्दकोशाने होत नाही. त्या भाषेत रोज बोलणारं माणूस लागतं. त्याला मराठी शीर्षक देऊन भाषांतर करायला सांगण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: हे करायचं असेल तर तू शोधताना काय लिहिशील? त्याने दिलेलं उत्तर शीर्षकात सुरुवातीला ठेवावं.

व्हिडिओचं मुखचित्र ही यातली राहून जाणारी बाजू. आपल्याकडे त्या छोट्या चित्रावर मोठ्या अक्षरांत मजकूर लिहायची सवय आहे. शीर्षक कन्नड झालं तरी चित्रावरची मराठी अक्षरं तशीच राहतात. वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळी चित्रं देण्याची सोय यूट्यूबने 2025 मध्ये निवडक चॅनलांवर तपासायला घेतली. ती हाती येईपर्यंत साधा उपाय असा की, अनेक भाषांत न्यायच्या व्हिडिओच्या चित्रावर अक्षरंच ठेवू नयेत. तुपाची धार पडणारी पोळी कुठल्याही भाषेत कळते.

ऑडिओ ट्रॅक: एक आवाज बदलायचा, बाकीचे ठेवायचे

आता आवाज. इथे लोकांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, हिंदी निवेदन ध्वनिमुद्रित करून चढवलं की यूट्यूब ते मूळ आवाजावर बसवेल. तसं होत नाही. प्रेक्षकाने हिंदी ट्रॅक निवडला की मूळ ट्रॅक पूर्ण बंद होतो आणि आपण चढवलेली फाइल तेवढी वाजते. त्या फाइलमध्ये फक्त निवेदन असेल, तर कुकरची शिट्टी गेली, तव्यावर पोळी टाकल्याचा चर्र आवाज गेला, पार्श्वसंगीत गेलं. उरतं एका बंद खोलीत वाचलेलं निवेदन. व्हिडिओ एकदम निर्जीव वाटू लागतो, आणि का वाटतो हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. तो फक्त निघून जातो.

सिनेमाच्या धंद्यात यावर जुना तोडगा आहे. संवाद सोडून बाकी सगळे आवाज, म्हणजे संगीत आणि भोवतालचे ध्वनी, यांचा वेगळा ट्रॅक जपून ठेवतात. तिथे त्याला एम अँड ई म्हणतात. कुठल्याही भाषेत डब करायचं झालं की त्याच ट्रॅकवर नवे संवाद चढवायचे. घरगुती व्हिडिओ करणाऱ्यानेही हेच करावं. संकलन करताना निवेदन एका ट्रॅकवर, संगीत दुसऱ्यावर आणि स्वयंपाकघरातले आवाज तिसऱ्यावर ठेवले, तर पुढे निवेदनाचा ट्रॅक बंद करून बाकीचं एका फाइलमध्ये काढून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

अडचण होते ती कॅमेऱ्यासमोर बोलत-बोलत केलेल्या चित्रीकरणात. तिथे बाईंचा आवाज आणि कढईचा आवाज एकाच माइकमध्ये मिसळलेले असतात. ते नंतर स्वच्छ वेगळे करणं कठीण. म्हणून ज्यांना पुढे दुसऱ्या भाषांत जायचं आहे, त्यांनी चित्रीकरणाच्या दिवशीच थोडी जास्तीची मेहनत घ्यावी. पोळी तव्यावर टाकताना, डाळीला उकळी फुटताना, पाट्यावर किंवा पुरणयंत्रात पुरण वाटताना काही सेकंद कुणीही न बोलता तो आवाज वेगळा टिपून ठेवावा. हे तुकडे नंतर प्रत्येक भाषेच्या ट्रॅकमध्ये कामाला येतात.

चमचा उभा राहतो त्या क्षणी

निवेदन भाषांतरित करताना खरी झटापट वेळेशी असते. पुरणपोळीच्या व्हिडिओत एक जागा फार महत्त्वाची आहे. पुरण शिजून घट्ट झालं की नाही, हे पाहण्यासाठी त्यात चमचा उभा करतात. तो पडला नाही तर पुरण जमलं. समजा, व्हिडिओत हे दृश्य चार सेकंदांचं आहे, आणि मराठीत बाई म्हणतात: ‘चमचा उभा राहिला, की पुरण झालं.’ वाक्य चार सेकंदांत आरामात बसतं.

भाषांतर करणाऱ्याने हिंदीत लिहिलं: ‘अब पूरन में एक चम्मच सीधा खड़ा करके देखिए, अगर चम्मच गिरे नहीं तो समझ लीजिए कि आपका पूरन अच्छी तरह पककर तैयार है.’ वाक्य बरोबर आहे, कानालाही गोड आहे. पण ते म्हणायला आठेक सेकंद लागतात. ‘गिरे नहीं’ हे शब्द येईपर्यंत पडद्यावर बाईंनी कणकेचा गोळा हातात घेतलेला असतो. पुढचं वाक्य तेवढंच मागे सरकतं, मग त्याच्या पुढचं. बाराव्या मिनिटाला निवेदक तूप सोडायला सांगतो तेव्हा पडद्यावर ताट वाढून झालेलं असतं.

यावर उपाय तीन, आणि अनुभवी माणूस ते याच क्रमाने वापरतो. पहिला, वाक्य कापणं: ‘चम्मच खड़ा रहे, तो पूरन तैयार.’ बघण्यासारखं जे आहे ते पडद्यावर दिसतंच आहे, त्याचं वर्णन करायची गरज नाही. दुसरा, वाक्य आधी सुरू करणं. चमच्याच्या दृश्याआधी बाई दोन-तीन सेकंद नुसत्या पुरण ढवळत असतील, तर ती जागा वापरता येते, मात्र ‘खड़ा’ हा शब्द चमचा उभा राहतानाच आला पाहिजे. तिसरा उपाय वेगाने वाचण्याचा. तो शेवटचा, कारण घाईने वाचलेलं निवेदन ऐकणाऱ्याला थकवतं.

म्हणून भाषांतराच्या कागदावर तीन रकाने असावेत: वेळ, पडद्यावर काय चाललंय, आणि त्या वेळेत बसणारं वाक्य. अनुवादकाला नुसतं मराठी लिखाण पाठवू नये. व्हिडिओ बघत, मोठ्याने म्हणत, घड्याळ लावूनच भाषांतर करावं लागतं. कधी अर्थासाठी भरही घालावी लागते. कर्नाटकात अनेक घरांत होळिगेला तूरडाळ घेतात. आपल्या बाई हरभऱ्याची डाळ घेतात. कन्नड निवेदनात ‘आम्ही हरभऱ्याची डाळ घेतो, तुरीचीही चालते’ एवढं अर्धं वाक्य आलं, तर बघणाऱ्या बाईच्या मनातला पहिला प्रश्न तिथेच सुटतो. कुठे कापायचं आणि कुठे भर घालायची, हे ठरवण्यातच अनुवादकाचं कसब आहे.

बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलत असतील तर ओठांचा प्रश्न येतो. माहिती देणाऱ्या व्हिडिओंत प्रेक्षक ओठ न जुळणं चालवून घेतो. तोंड बंद असताना आवाज येणं मात्र त्याला खटकतं. त्यामुळे निदान वाक्याची सुरुवात आणि शेवट ओठांच्या हालचालीशी जुळवावेत, मधलं फार छळत नाही.

फाइल चढवण्याआधी

तयार ट्रॅकची लांबी मूळ व्हिडिओइतकीच असावी लागते. निवेदन दहाव्या सेकंदाला सुरू होत असलं तरी फाइल शून्यापासून सुरू झाली पाहिजे, आणि पहिले दहा सेकंद त्यात संगीत किंवा भोवतालचे आवाज असले पाहिजेत. सुरुवातीची शांतता कापून टाकलेली फाइल हा सर्वांत नेहमीचा घोटाळा. त्यात सगळं निवेदन दहा सेकंद आधी येतं.

दुसरा घोटाळा संकलनाचा. हिंदी निवेदन तयार झाल्यावर कुणीतरी मूळ व्हिडिओतून पाच सेकंदांचा कंटाळवाणा तुकडा काढतो. मराठीत काहीच बिघडत नाही, कारण आवाजही सोबत कापला गेला. हिंदी ट्रॅक मात्र त्या जागेपासून पुढे पाच सेकंद मागे पडतो. म्हणून व्हिडिओचं संकलन पक्कं झाल्याशिवाय डबिंगला हात लावू नये.

तपासणी सोपी आहे. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा निवडायच्या, जिथे कृती आणि आवाज एकत्र येतात: कुकरची शिट्टी, चमचा, शेवटची तुपाची धार. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक पडत असेल तर पूर्ण फाइल पुढेमागे सरकली आहे. सुरुवातीला बरोबर आणि मध्यापासून चूक असेल, तर मधे कुठेतरी काटछाट झाली आहे. फरक हळूहळू वाढत जात असेल, तर फाइलच्या वेगात गडबड आहे किंवा वाक्यं लांबली आहेत. यासोबत मूळ ट्रॅक आणि नवा ट्रॅक आलटूनपालटून ऐकावेत. हिंदीवर गेल्यावर आवाज वाढवावा लागत असेल, तर पातळी जुळलेली नाही.

हे सगळं माणसांकडून करून घेण्याऐवजी यूट्यूब स्वतःच यंत्राने डबिंग करून देऊ लागलं आहे. डिसेंबर 2024 मध्ये ही सेवा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली तेव्हा इंग्रजीतून जाणाऱ्या भाषांच्या यादीत भारतीय भाषा हिंदी एकटीच होती. पुढे यादी वाढत गेली. असा ट्रॅक असला की व्हिडिओच्या वर्णनात Auto-dubbed अशी नोंद दिसते. विशेषनामं, बोलीतले शब्द, मागे भांड्यांचा खणखणाट असताना बोललेली वाक्यं यांत यंत्र चुकतं. ‘कट’ म्हणजे डाळीचं पाणी, हे त्याला न कळण्याची शक्यता बरीच. म्हणून असा ट्रॅक आपल्या व्हिडिओवर असेल, तर ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून तो पूर्ण ऐकून घ्यावा आणि चुकीचा असेल तर काढून टाकावा. आपल्या नावाने दुसऱ्या भाषेत काय बोललं जातंय, याची जबाबदारी आपलीच असते.

शीर्षक हे वचन आहे

आता त्या अर्ध्या वापराकडे येतो. शीर्षक भाषांतरित करणं स्वस्त आहे, आवाज महाग. त्यामुळे अनेक जण एका बैठकीत वीस भाषांची शीर्षकं भरून मोकळे होतात. मग तमिळ शीर्षक वाचून कुणी व्हिडिओ लावतो आणि मराठी ऐकू येतं. पाच सेकंदांत तो निघून जातो. अशी माणसं वाढली की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला, हा आकडा खाली येतो. यूट्यूब व्हिडिओ पुढे सुचवताना अशा खुणांकडे बघतं. म्हणजे आवाजाशिवाय दिलेलं शीर्षक आपलंच नुकसान करू शकतं. ज्या भाषेत शीर्षक द्यायचं, त्या भाषेत आवाज द्यावा, आणि तो जमत नसेल तर निदान माणसाने तपासलेली सबटायटल्स तरी द्यावीत.

सबटायटल्सचं काम पूर्वी प्रेक्षकही करत. कुणाही चाहत्याला सबटायटल्स आणि शीर्षकाचं भाषांतर सुचवता येईल अशी सोय यूट्यूबवर होती. वापर कमी आणि खोडसाळ मजकूर जास्त, हे कारण देऊन ती सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाली. तेव्हापासून माणूस शोधण्याची जबाबदारी पूर्णपणे व्हिडिओ करणाऱ्यावर आली आहे.

मराठी चॅनलांसाठी इंग्रजी शीर्षक ही खास जपून करायची गोष्ट. कोणाला कुठलं शीर्षक आणि कुठला आवाज द्यायचा, हे यूट्यूब बघणाऱ्याची भाषेची निवड आणि त्याने आधी काय पाहिलंय यावरून ठरवतं. महाराष्ट्रात असंख्य लोकांचा फोन इंग्रजीत असतो, जरी ते दिवसभर मराठीच बघत असले. इंग्रजी शीर्षक भरलं की साताऱ्यातल्या आपल्याच नेहमीच्या प्रेक्षकाला मराठी शीर्षकाऐवजी इंग्रजी दिसू शकतं. इंग्रजी ट्रॅक असेल तर कदाचित आवाजही. त्याला वाटतं, या ताईंनी मराठी सोडलं. चाकाच्या चिन्हावर जाऊन Audio track मधून मूळ मराठी निवडता येतं, पण ते अनेकांना माहीत नसतं. म्हणून इंग्रजी शेवटी जोडावी. जोडल्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही फोनवर व्हिडिओ स्वतः लावून बघावा, आणि मूळ आवाज कसा निवडायचा हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहावं.

याला परदेशातली मराठी मुलं हा एक महत्त्वाचा अपवाद आहे. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये वाढलेल्या अनेकांना आजीचं मराठी ऐकून कळतं, पण देवनागरी भरभर वाचता येत नाही. त्यांना इंग्रजी शीर्षकानेच व्हिडिओ सापडतो, आणि आवाज मात्र मराठीच हवा असतो. त्यांच्यासाठी इंग्रजी शीर्षक, मराठी आवाज आणि खाली इंग्रजी सबटायटल्स हीच जोडी बरोबर. शीर्षकात शेवटी ‘मराठी ऑडिओ’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द टाकले तर कुणाचीच फसगत होत नाही.

कामाचं चीज झालं का, हे YouTube Studio च्या आकडेवारीत ऑडिओ ट्रॅकनुसार वेगळं पाहता येतं. एकूण किती लोकांनी पाहिलं, यापेक्षा लोक कुठे थांबले हे बघावं. मराठी आणि हिंदी ट्रॅकवर लोक साधारण सारखेच टिकत असतील, तर डबिंग जमलं. हिंदीत पहिल्या अर्ध्या मिनिटातच गळती असेल, तर आवाज किंवा ध्वनिमुद्रण लोकांना रुचलेलं नाही. सुरुवात ठीक आणि मधेच एका जागी घसरण असेल, तर तिथे वाक्य आणि दृश्य एकमेकांना सोडून गेले असण्याची शक्यता आहे. ती जागा ऐकून फाइल दुरुस्त करावी आणि पुन्हा चढवावी. मूळ व्हिडिओला त्यासाठी धक्काही लावावा लागत नाही.

मराठी मुलखाकडे या कामासाठी लागणारी माणसं भरपूर आहेत. बेळगाव आणि दक्षिण सोलापूरकडे मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी घरं आहेत. सोलापूरच्या पद्मशाली विणकर वस्तीत तेलुगू आणि मराठी एकाच ओट्यावर चालतात. नांदेडच्या सीमेवर तेच. बडोद्याला गुजराती, इंदूरला हिंदी बोलणारी मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना पोळी आणि होळिगे दोन्ही घरचे शब्द आहेत. व्हिडिओ करणाऱ्यांनी अशा माणसांना शोधावं, त्यांच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा आणि वर्णनात त्यांचं नाव लिहावं.

सुरुवात एका व्हिडिओने आणि एकाच भाषेने करावी. आपला सर्वांत चांगला चाललेला व्हिडिओ घ्यावा, त्या भाषेतलं शीर्षक, वर्णन आणि पूर्ण ट्रॅक एकत्र जोडावा, आणि महिनाभर आकडे बघून मगच दुसरी भाषा घ्यावी. वीस भाषांतल्या रिकाम्या शीर्षकांपेक्षा एका भाषेतला नीट झालेला ट्रॅक केव्हाही जास्त माणसं जोडतो.